विळ्याचा पीळ आणि मुठीचा पीळ

आमच्या वाडीत मोबाईल लागतो तो फक्त पाण्याच्या टाकीपाशी. टाकी वाडीच्या वरच्या अंगाला उतारावर आहे. दुपारची भांडी घासून झाली की मी तिथे जाते, टाकीच्या सावलीत बसते आणि आलेले फोटो फोनमध्ये उतरू देते. तीस-चाळीस फोटो असतात, कधी जास्त. तेवढ्या वेळात मी डोळे मिटून बसते. फोटो उतरले की घरी येऊन ते एकेक उघडायचे, खाली नाव लिहायचं, आणि दुसऱ्या दिवशी टाकीपाशी गेल्यावर ते आपोआप पुढे जातं. तीन वर्षं झाली, असंच चाललंय.

हे काम मी मागितलं नव्हतं. तालुक्याच्या कॉलेजात झाडं-वेली शिकवणाऱ्या एक मॅडम गावाची नोंदवही करायला आल्या होत्या. कोणतं झाड कुठे आहे, त्याला गावात काय म्हणतात, खातात का, औषधाला लागतं का, सगळं लिहून घ्यायचं होतं. बायका ओसरीवर जमल्या. मी दाराच्या आत उभी होते. मॅडमनी काही विचारलं की मी हळूच जावेला सांगायची आणि जाऊ मोठ्याने ओसरीवर सांगायची. तिसऱ्या-चौथ्या वेळी मॅडम उठून दारापाशीच आल्या. म्हणाल्या, "ह्या आतल्या ताईंनाच विचारते आता. तुम्ही मधे कशाला दमता?" जाऊ हसली. मला तेव्हा घाम फुटला होता.

मी चौथीपर्यंत शिकले. वाडीतली शाळा तिथवरच होती. पुढची धरणाच्या पलीकडे. लिहिता येतं, पण सावकाश. फोनवर बोलून पाठवण्यापेक्षा मला लिहिणंच बरं वाटतं. आपला आवाज दुसऱ्याच्या घरात वाजतोय, चार माणसं ऐकतायत, हे मला सहन होत नाही.

फुलं असलेले फोटो माझ्याकडे येत नाहीत. फूल दिसलं की मॅडम स्वतःच ओळखतात. नुसती पानं, नुसता वेल, कुंपणावर चढलेलं काहीतरी, असं आलं की ते माझ्याकडे. फोटो काढणारे वेगवेगळ्या गावांतले असतात, कुणी आशाताई, कुणी शाळेतले सर, कुणी बचत गटातल्या बायका. त्यांना वाटतं, पान जवळून काढलं की झालं. पान एकटं काही सांगत नाही. एकाच वेलीचं खालचं पान रुंद असतं आणि शेंड्याचं चिंचोळं. मी आधी बघते, वेल चढते कशी. दोऱ्यासारखे ताणे फुटलेत, की स्वतःच्या अंगाने पीळ घालत गेलीय.

ताणा असला तर तो कुठून निघालाय ते बघायचं. कर्टुल्याचा ताणा पानाच्या देठाशेजारून निघतो आणि एकेरी असतो, कुठे फुटत नाही. शिवलिंगीचं पानही हाताच्या पंजासारखं, लांबून फसवतं, पण तिचा ताणा पुढे जाऊन दोन होतो. घोटवेलीला पानाच्या देठाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना एकेक ताणा असतो, जोडीने. रानद्राक्षाचा ताणा पानाच्या बरोबर समोरच्या बाजूला. आणि कळलावीला वेगळा ताणाच नसतो, पानाचं टोकच लांब होऊन वळतं आणि शेजारच्या झुडपाला धरतं. त्यामुळे कळलावीचा फोटो टोक कापून काढला तर काहीच कळत नाही. मी किती वेळा लिहिलं असेल, पानाचं टोक दिसू द्या. टोक काही दिसत नाही.

ताणा नसला तर पीळ. हे मला सासूने शिकवलं. ती आता नाही. ती कंद खणायला जायची तेव्हा मी पाटी घेऊन मागे असायची. कंद खणायचा म्हणजे वेल वाळल्यावर. हिरवी असते तोवर कंद भरत नाही, आणि वाळली की पानं गळून जातात. मग ओळखायचं कशावरून? झाडाला नाहीतर काठीला वाळलेल्या वेलीचा पीळ तेवढा शिल्लक असतो. सासू त्याच्यासमोर उभी राहायची आणि बोटाने खालून वर पीळ धरत जायची. समोरच्या अंगाला वेल वर चढताना विळ्याच्या हाताकडे सरकत गेली तर विळ्याचा पीळ. ज्या हाताने आपण कापताना भाताची मूठ धरतो त्या हाताकडे गेली तर मुठीचा पीळ. कोनफळाचा विळ्याचा. कडू कांदा विषारी, त्याचा मुठीचा. दोघांची पानं हिरवी असताना बदामासारखी, दोघांना वेलीवरच गाठी लागतात, म्हणून वाळल्यावर पीळच बघायचा.

मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांनी वहीत दोनदा अधोरेखित केलं. म्हणाल्या, "पुस्तकातसुद्धा यात गोंधळ आहे. कुणी वरून बघून डावा-उजवा म्हणतं, कुणी समोरून. तुमचं बरं आहे." मग मला म्हणाल्या, वेल कुठल्याही बाजूने बघा, काठी उलटी धरा, पीळ तोच राहतो. मी घरी येऊन दोरी गुंडाळून पाहिली. खरंच तोच राहतो. त्या दिवसापासून मी पिळावर डोळे झाकून भरवसा ठेवायला लागले.

मुठीचा पीळ म्हणजे विष असं मात्र नाही. चाईच्या वेलीचाही मुठीचाच असतो आणि तिचा मोहर आम्ही दरवर्षी खातो. पण चाईच्या पानाला पाच बोटं असतात. सगळं मिळून बघावं लागतं, म्हणून तर दमायला होतं. एका फोटोला पाच मिनिटं धरली तरी चाळीस फोटोंना किती वेळ झाला. भातकापणीच्या दिवसांत मी विळा टाकून आले की हातात फोन, आणि डोळ्यांपुढे सगळ्या वेली एकमेकींत गुंतलेल्या.

माझी धाकटी बहीण कोपरगावच्या बाजूला दिली आहे. तिकडे ऊस, पाटाचं पाणी, सपाट जमीन. घरात दीर, जावा, पोरं धरून अकरा माणसं आणि वर सासू. सासू कडक, बहीण तिला आत्याबाई म्हणते. बहिणीला तिथे पहिल्यापासून डोंगरातली म्हणतात. माहेरून नाचणीची पापडी नेली तरी "डोंगरातलं काय आणलं" असं विचारतात. तिला ते टोचतं. तिला एकदा असं काहीतरी न्यायचं होतं की जे त्यांनी मागून खावं.

एका दिवाळीला ती आली तेव्हा मी तिला डोळे असलेले कोनफळाचे दोन तुकडे राखेत घोळून दिले. सांगितलं, मृगाच्या आधी लाव, काठी दे, पुढच्या शिवरात्रीला उपासाला काढ. कोनफळ उपासाला चालतं. तिने तुकडे पिशवीत ठेवले आणि गेली. पुढे पावसाळ्यात एकदा म्हणाली, दोन ठिकाणी लावलंय, एक विहिरीपाशी आणि एक परसात शेवग्याखाली. दोन्हीकडे वेल लागलीय. मी बरं म्हणाले.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी दुपारी मी टाकीपाशी गेले. त्या आठवड्यात माझ्या अंगात कणकण होती. घरचे धरणाकडच्या हॉटेलात कामाला जातात, पाहुण्यांचे दिवस होते म्हणून ते दोन दिवस घरी आले नव्हते, गोठ्याचंही मीच केलं होतं. पन्नासच्या वर फोटो होते. त्यात बहिणीचा एक. शेवग्याखाली ती उभी, एका हातात मातीने भरलेला कंद तोंडापाशी धरलेला, दुसरा हात फोन धरायला लांब केलेला. मागे काठी, काठीवर वाळलेली वेल. खाली लिहिलं होतं, "अक्का हेच ना? उद्या समद्यांना घालते. आत्याबाईंनी स्वता इचारलं कोनफळ काढलं का म्हनून."

बहिणीचा म्हणून तो मी तिथेच उघडला आणि बोटांनी मोठा केला. तिचा चेहरा बाजूला सरला आणि काठी दिसली. पीळ स्वच्छ होता. समोरच्या अंगाने वर चढताना विळ्याच्या हाताकडे. कंद लहान वाटला, पण म्हटलं पहिलं वर्ष आहे, जमीन चिकट आहे. कापून दाखव असं लिहायला हवं होतं. मी लिहिलं, "हो. विळ्याचा पीळ. कोनफळ." पाठवलं, पुढचा फोटो उघडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपास होता म्हणून स्वयंपाक नव्हता. म्हटलं राहिलेले फोटो संपवावेत. एका आश्रमशाळेतल्या बाईंनी शाळेच्या तारेच्या कुंपणापाशी उभं राहून स्वतःचाच फोटो काढला होता. कुंपणावर घेवड्याची वेल होती, शेंगा लागलेल्या. घेवडा मी झोपेतसुद्धा ओळखीन. पण पीळ बघितला तर मुठीचा. घेवड्याचा असा पीळ मी जन्मात पाहिला नव्हता. वालाचा, घेवड्याचा, गारवेलीचा, सगळ्यांचा विळ्याचाच असतो. मला वाटलं तापामुळे माझंच डोकं फिरलंय. हातात विळा धरल्यासारखं करून पुन्हा पाहिलं. मुठीचाच. मग त्या बाईंच्या मागे शाळेची पाटी दिसली. पाटीवरची अक्षरं मला वाचता येईनात. आधी वाटलं इंग्रजी असेल. मग ध्यानात आलं की मराठीच आहेत, पण उलटी. आरशात दिसतात तशी.

मी फोन मांडीवर ठेवला. फोनमध्ये पुढच्या बाजूने आपला आपण फोटो काढला की काही फोनमध्ये तो आरशासारखा साठतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच कळलं की फोटो उलटा झाला की पीळही उलटा होणार. कुठल्याही बाजूने पाहिलं तरी न बदलणारा पीळ आरशात बदलतो.

बहिणीचा फोटो पुन्हा उघडला. त्यात पाटी नव्हती, कुठे अक्षर नव्हतं. पण पदर उजव्या खांद्यावर होता. तिने आयुष्यात कधी उजव्या खांद्यावर पदर घेतला नाही.

टाकीकडे जाताना मला धाप लागली. ऊन चढलं होतं. मधे एकदा बसले. त्यांच्याकडे बारा वाजता नैवेद्य दाखवून फराळ करतात, हे मला माहीत होतं. अकरा वाजून गेले होते. वाटेत मी मनात म्हणत होते, तिला सांगायचं, फक्त तिला, हळूच, तिने काहीतरी कारण काढून पातेलं बाजूला करावं. कडू कांदा नीट न करता खाल्ला तर घसा धरतो, उलट्या होतात, अंगात त्राण राहत नाही. आमच्याकडे जुन्या बायका तो काप करून राखेच्या पाण्यात उकडायच्या, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या, पुन्हा उकडायच्या, तेव्हा कुठे. तो नुसता उकडून अकरा माणसांच्या, त्यातही पोरांच्या उपाशी पोटात जाणार होता. आणि वाढणार माझी बहीण.

तिचा फोन लागला. खूप वेळ वाजला आणि उचलला तिच्या सासूने.

"कोन बोलतंय?"

मी माझं नातं सांगितलं.

"कोन? मोठ्यानं बोल."

मी पुन्हा सांगितलं.

"थोरली व्हय. तुजा आवाज ओळखायचा कसा बाई, लग्नातबी आईकला न्हाई कुनी. धाकटी चुलीपाशी हाय. मागनं कर."

"मावशी, थांबा. कंद शिजवला का?"

"शिजतोय की. एकीकडं रताळी, एकीकडं तुमचं कोनफळ. का?"

"ते उतरवा. कुणी खाऊ नका."

मग त्या म्हणाल्या, "तूच सांगितलं न्हवं काल, कोनफळ हाय म्हनून? धाकटीनं समद्यांना वाचून दावलं."

"चुकलं माझं. फोटो उलटा होता."

"उलटा कसा आसंल? तिचं डोकं तर वर हुतं. मी पायलाय फोटो."

हे फोनवर कसं समजवायचं ते सुचेना. मी म्हणाले, "मावशी, काठी अजून आहे का शेवग्याखाली?"

"हाय. कोन काढनार, माज्याबिगर कोन काय काढतंय या घरात?"

"तुम्ही जरा तिच्यासमोर जाऊन उभ्या राहता का?"

"आत्ता? उन्हात?"

"हो."

त्या गेल्या. चपलांचा आवाज, कोंबड्या, कुणीतरी पोरगं काहीतरी मागत होतं त्याला दिलेली शिवी. मग म्हणाल्या, "आली. बोल."

मी सांगितलं, वेल खालून धरा, आपल्या समोरच्या अंगाने वर चढताना कोणत्या हाताकडे जाते ते बघा. विळ्याच्या हाताकडे, का मूठ धरतो त्या हाताकडे.

मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"विळ्याच्या," त्या म्हणाल्या.

"नक्की?"

"आता माजाच हात मला कळंना व्हय? विळ्याच्या हाताकडं जाती. म्हंजी कोनफळच न्हवं का?"

मी टाकीच्या भिंतीला टेकून खाली बसले. म्हणजे पदर तिने काहीतरी काम करताना इकडचा तिकडे घेतला असेल, फोटो सरळच असेल, आणि मी उगाच एवढं सगळं केलं. मी म्हणणारच होते की मग राहू द्या, माफ करा. पण घेवडा डोळ्यांपुढून जाईना. मी विचारलं, "मावशी, जेवायच्या हाताकडं जाते का वेल?"

"जेवायच्या? न्हाई. दुसऱ्या."

"अहो पण आत्ता तुम्ही विळ्याच्या म्हणाल्या."

"विळा डाव्या हातात धरती मी. डावरी हाय. जेवायला तेवढं आयनं मारून मारून उजव्यावर आनलं."

इतकी वर्षं मी लोकांना विळ्याचा हात, मुठीचा हात असं लिहीत आले. कुणी डावरं असेल हे माझ्या मनात कधी आलं नाही. आमच्या वाडीत डावऱ्या हाताने विळा धरणारी बाई मी पाहिलेली नाही.

"मावशी, तो कडू कांदा आहे. कापला तेव्हा आतून कसा होता?"

त्यांनी तिथूनच हाक मारली, "ए, कंद आतून कसा गं हुता?" लांबून बहिणीचा आवाज आला, "पिवळा." मग जवळ येत, "का वो आत्याबाई? कोनाचा फोन हाय?"

"कोनफळ पांढरं असतं नाहीतर जांभळं," मी म्हणाले. "पिवळं नसतं."

"बरं," त्या म्हणाल्या. पुढचं त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, घराशी बोलल्या. "पातेलं उतरवा. खाली ठिऊ नका, पोरं हात घालत्याल. उकिरड्यावर न्या. न्हाई, उकिरड्यावरबी नको, शेरडं हायेत. खड्डा करा." मग पुन्हा माझ्याकडे, "कुनी चाखलं न्हाई. निवद व्हायचा हुता."

"बरं झालं."

"आता शेंगदान्यावर भागवतो आमी. डोंगरातलं लई झालं." मग म्हणाल्या, "तू डोंगरावनं फोन केलास का गं? धाप लागलीया तुला."

मी हो म्हणाले.

"पानी पी," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी पाणी प्यायले नाही. टाकीला तोटी खालच्या बाजूला आहे, तिथवर उठून जायचा कंटाळा आला. मग मॅडमना लिहिलं की फोटो काढणाऱ्याचा स्वतःचा चेहरा ज्या फोटोत असेल त्यांची मी दिलेली नावं धरू नका, मी परत बघते. पुढचे कितीतरी दिवस मी जुने फोटो उघडत बसले. चेहरा असलेल्यात आधी पदर बघायचा, गुंड्या बघायच्या, मागे कुठे अक्षर आहे का ते बघायचं, मग वेल. पिळावरून नाव दिलेल्या तीन वेली चुकलेल्या निघाल्या. ताण्यावरून दिलेल्या एकही नाही. ताणा एकेरी असला तर आरशातही एकेरीच राहतो. मॅडमनी लिहिलं, "चूक तुमची नाही, आम्ही सांगायला हवं होतं. मागच्या कॅमेऱ्यानेच फोटो काढा असं सगळ्यांना कळवते." कळवलं असेल. अजूनही दहात दोन फोटो चेहऱ्यासकट येतात. लोकांना आपण शोधलेल्या गोष्टीबरोबर आपण दिसायला हवं असतं, त्यात त्यांचं काय चुकलं.

बहिणीचा फोन चार दिवसांनी आला. मी टाकीपाशीच होते. आधी तिने गुरांचं विचारलं, मग माझ्या तापाचं. मग म्हणाली, "आत्याबाईंना कशाला सांगितलंस तू?"

"तू उचललाच नाहीस फोन."

"परत करायचा हुता."

"बारा वाजत आले होते."

"मग काय झालं? आता समद्या गावाला म्हाईत झालंय. दीर म्हनतो, वहिनी, आमाला मारायला कोन पाठवलं तुमाला? हसत म्हनतो, पर म्हनतो. आत्याबाई काय बोलत न्हाईत. चहा माज्या हातचा घेत्यात, पर आधी कपात बघत्यात."

मी म्हणाले, "माझी चूक आहे असं सांग त्यांना. मी नाव चुकीचं दिलं."

मग तिने सांगितलं. मी दिलेले दोन्ही तुकडे तिने विहिरीपाशीच लावले होते. दिवाळीला परत जाताना आमच्या वाडीच्या खालच्या वळणावर एस्टीची वाट बघत उभी होती, तिथे कुंपणावर वाळलेल्या वेलीला गोल गोल गाठी लोंबत होत्या. तिला वाटलं त्याही कोनफळाच्याच. ओंजळभर तोडून पिशवीत टाकल्या. त्या शेवग्याखाली लावल्या. विहिरीपाशी खणायला दिराला सांगावं लागलं असतं, शेवगा घराला लागून होता, म्हणून तो कंद आधी काढला.

"तू मला विचारलं का नाहीस?" मी म्हणाले.

"इचारलं की. फोटो पाठवला न्हाई का?"

तिने विचारलं होतं, आणि मी हो म्हणाले होते.

"विहिरीपाशी काय आहे ते कोनफळच आहे," मी म्हणाले. "ते मी दिलंय. ते काढ."

"कोन खानार आता?"

"मी येते. मी खाते तुझ्या घरात बसून, त्यांच्यासमोर."

"तू येनार?" ती म्हणाली. "तू तर लग्नालाबी पाठीमागं बसलीस."

दोन आठवड्यांनी मी गेले. सकाळची एस्टी धरली, मधे एकदा बदलली, आणि दुपारी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले. बहिणीने विहिरीपाशी खणलं. सासूबाई काठीसमोर उभ्या राहिल्या आणि बोटाने पीळ धरत खालून वर गेल्या. कंद मोठा निघाला, आतून पांढरा. उकडून ताटात आला तेव्हा घरातली सगळी दारात उभी होती, पोरंसुद्धा. मी पहिला घास घेतला. एवढ्या माणसांनी माझ्या तोंडाकडे बघण्याची ही पहिलीच वेळ होती.

मग सासूबाई पुढे बसल्या, उजव्या हाताने एक तुकडा मोडला आणि खाल्ला. "मीठ कमी हाय," बहिणीला म्हणाल्या. बहीण मीठ आणायला आत गेली. बऱ्याच वेळाने आली. तिचे डोळे मी बघितले नाहीत. मला चारची एस्टी गाठायची होती.